‘सुमिमासेन’ किती किलोचं? सबटायटलच्या कामाच्या नोंदी

3 जून

जपानी मालिका, आठ भाग, मराठी सबटायटल. एक छोटा छापखाना, तिथे झालेला अपघात, त्यात गेलेला एक तरुण कामगार आणि नंतरचं एक वर्ष, अशी गोष्ट आहे. हाणामारी नाही, पळापळ नाही. माणसं एकमेकांचे आभार मानतात आणि माफी मागतात. जवळजवळ सगळं कथानक त्यातूनच पुढे सरकतं.

कामाला आलेली फाइल इंग्रजी साच्याची आहे. वेळा ठरलेल्या, संवाद इंग्रजीत, आपण फक्त मराठी भरायचं. पहिला भाग मूळ आवाजासह साच्याशी ताडून पाहिला आणि लगेच ठरवलं की आभार-माफीच्या ओळींसाठी साच्याकडे बघायचंच नाही. जपानीत ‘गोमेन’, ‘सुमिमासेन’, ‘मोशिवाके आरिमासेन’ आणि ‘मोशिवाके गोझाइमासेन’ अशा चढत्या पायऱ्या आहेत. साच्यात त्या चारही ठिकाणी एकच ‘सॉरी’ बसलंय. साच्यावरून मराठी केलं तर बहिणीला धक्का लागल्यावरची माफी आणि मुलगा गेलेल्या आईपुढची माफी एकाच मापाची होईल.

आमची मर्यादा अशी: दोन ओळी, आणि वाचायचा वेग सेकंदाला 15 अक्षरं. मोजणी यंत्राची, म्हणजे काना-मात्रा, अनुस्वार, हलंत सगळं वेगळं धरलं जातं. ‘धन्यवाद’ आपल्या डोळ्यांना चार-पाच अक्षरांचा वाटतो, यंत्र सात मोजतं.

5 जून

पहिल्या भागातल्या ‘सुमिमासेन’ची यादी केली. हा शब्द ‘सुमु’ या क्रियापदाच्या नकारातून आलाय. ‘सुमु’ म्हणजे संपणं, मिटणं. म्हणून ‘सुमिमासेन’ म्हणजे ‘हे एवढ्यावर मिटत नाही, माझ्याकडून काहीतरी बाकी राहतंय’. त्यामुळेच तो माफीलाही चालतो आणि आभारालाही. कुणी माझ्यासाठी तसदी घेतली तर मी त्याचं देणं लागतो, आणि ते देणं जपानीत माफीच्या सुरात बोललं जातं. आपल्याकडे ‘उपकार फिटायचे नाहीत’ म्हणतात त्याच्या हे जवळचं आहे. फरक इतकाच की आपण ते आयुष्यात दोन-चारदा म्हणतो, आणि जपानी माणूस रस्त्यात वाट मागताना म्हणतो.

म्हणून व्युत्पत्ती बाजूला ठेवली. ती वाचायला सुंदर आहे, पण तिच्यावरून भाषांतर केलं तर लिफ्टमधला माणूस संतासारखा बोलायला लागेल.

यादीतल्या ओळी मराठीत आणताना दिसलं की बऱ्याच ठिकाणी मराठी माणूस ना माफी मागेल ना आभार मानेल. कुणाचं लक्ष वेधायचं असेल तर ‘अहो, जरा ऐकता का’. गर्दीतून वाट काढताना ‘जरा जाऊ द्या’. कुणी आपली पिशवी उचलून दिली तर ‘तुम्ही कशाला?’ आणि धक्का लागला तर ‘लागलं का?’ हा शेवटचा प्रश्न मला फार आवडतो. त्यात माफीचा शब्दच नाही, पण माफी पूर्ण आहे.

6 जून

मराठीची शिडीही मांडून ठेवली. ती नसेल तर दुसऱ्याची शिडी नेमकी कुठे टेकवायची हे कळत नाही.

सगळ्यात हलके ‘सॉरी’ आणि ‘थँक्यू’. उसने शब्द असल्यामुळेच हलके. ते बोलताना कुणाला काही सोसावं लागत नाही. ‘धन्यवाद’ त्यांच्यापेक्षा जड नाही, फक्त लांब उभा आहे: पत्रात, व्यासपीठावर, अनोळखी माणसाशी बोलताना. घरच्या माणसाला सरळ चेहऱ्याने ‘धन्यवाद’ म्हटलं तर त्याला टोमणा ऐकू येतो. ‘आभारी आहे’ थोडं उबदार. आणि त्याच्या पलीकडे गेलं की मराठीत आभाराचा शब्दच गळून पडतो. उरतं ते ‘तुम्ही खूप केलंत माझ्यासाठी’ किंवा ‘तुम्ही होतात म्हणून’.

माफीची बाजू जास्त गुंतागुंतीची आहे, कारण तिथे वजन शब्दापेक्षा क्रियापदात असतं. ‘चूक झाली’ म्हणणारा अजून दाराच्या आडोशाला उभा असतो. चूक आपोआप झाली, पाऊस झाला तशी. ‘माझ्याकडून चूक झाली’ म्हटलं की तो अर्धा बाहेर येतो. ‘माझं चुकलं’ म्हणजे पूर्ण बाहेर. ‘मी चूक केली’ हे त्याहून कठोर, पण त्यात जिव्हाळा कमी आणि कबुलीजबाब जास्त. चारही वाक्यांत ‘माफ’ हा शब्द नाही. ‘माफ करा’ वेगळ्याच जातीचं आहे: ते समोरच्याकडे काहीतरी मागतं.

हा शेवटचा मुद्दा वहीत अधोरेखित केलाय. जपानीतल्या नेहमीच्या माफ्यांपैकी फार थोड्या काही मागतात. ‘मोशिवाके’ म्हणजे सांगण्यासारखं कारण, सबब. ‘मोशिवाके गोझाइमासेन’ म्हणजे ‘माझ्याकडे सांगायला सबब नाही’. तिथे समोरच्याने क्षमा करण्याचा प्रश्नच येत नाही. ‘माफ करा’ने भाषांतर केलं की ओझं बोलणाऱ्याच्या खांद्यावरून ऐकणाऱ्याच्या हातात जातं.

10 जून

दुसरा आणि तिसरा भाग. छापखान्याच्या काउंटरवरची मुलगी गिऱ्हाइकांना सतत ‘मोशिवाके गोझाइमासेन’ म्हणते. शाई संपली, पावती चुकली, मालक जेवायला गेलेत, सगळ्याला तेच. म्हणजे शिडीची वरची पायरी इथे गणवेशासारखी वापरलीय. शब्द जड, वजन शून्य.

संपादकबाईंचं मत की अशा जागी ‘क्षमस्व’ वापरावा. मी म्हटलं, क्षमस्व फक्त पाटीवर जगतो, ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’. बोलताना कुणाच्या तोंडी येत नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच. ती मुलगीही पाटीच वाचतेय. मुद्दा बरोबर होता, पण ऐकून नव्हे तर वाचून हसू येतं, आणि दिग्दर्शकाला तिथे हसू नकोय. शेवटी ‘माफ करा हं’ आणि ‘जरा थांबावं लागेल’ असं आलटून पालटून ठेवलं. ‘हं’ या एका अक्षराने माफीचं सगळं वजन काढून घेता येतं. असा शब्द जपानीत असता तर ‘दोमो’सारख्या तुकड्यांवर इतकं ओझं पडलं नसतं.

‘दोमो’बद्दल: मूळ अर्थ ‘कसंही बघा’, ‘खरोखर’ असा काहीतरी. पुढचं ‘आरिगातो’ किंवा ‘सुमिमासेन’ गिळून टाकलेलं. मुकादम दिवसभर हेच बोलतो. मराठीत ‘हं’, ‘बरं’ किंवा नुसती मान हलवणं. दोन ठिकाणी ओळच रिकामी सोडली, कारण पडद्यावर तो मान हलवताना दिसतो.

13 जून

नव्याने आलेल्या सहकाऱ्याने विचारलं, एवढ्याशा शब्दांवर एवढा वेळ का? त्याला 1972 सांगितलं.

जपानचे पंतप्रधान काकुएई तानाका चीनशी संबंध पुन्हा जोडायला बीजिंगला गेले. 25 सप्टेंबरच्या मेजवानीत त्यांनी युद्धकाळाबद्दल बोलताना ‘मेइवाकू’ हा शब्द वापरला: आपल्या देशाने चिनी जनतेला फार मोठा मेइवाकू दिला, आणि त्याबद्दल आपण खोल आत्मपरीक्षण करतो. मेइवाकू म्हणजे दुसऱ्याला दिलेला त्रास, उपद्रव. जपानीत हा शब्द शेजाऱ्याच्या झोपमोडीलाही चालतो आणि गंभीर प्रसंगी औपचारिक सुरात बराच जडही होऊ शकतो. दुभाषाने तो चिनीत ‘माफान’ असा नेला. चिनीत माफान म्हणजे तसदी, कटकट. चाउ एनलाय यांनी नंतरच्या बैठकीत आक्षेप घेतला: वाटेने जाणाऱ्या बाईच्या झग्यावर चुकून पाणी उडालं तर हा शब्द वापरतात, लाखो माणसं मेली त्यासाठी नाही. 29 सप्टेंबरच्या संयुक्त निवेदनात मग मजकूर बदलला: युद्धातून चिनी जनतेचं गंभीर नुकसान केल्याच्या जबाबदारीची तीव्र जाणीव आहे, आणि त्याबद्दल जपान स्वतःला खोल दोष देतो.

त्याला दाखवायचं होतं ते हे की दुभाषाने अर्थ चुकवला नव्हता. शब्दकोश उघडला तर मेइवाकू म्हणजे माफानच सापडेल. चुकलं ते वजन. आणि त्यातही एक गुंता आहे: तानाका मुळातच हलकं बोलले की भाषांतराने हलकं केलं, यावर अजून वाद घालता येतो. सबटायटल करणाऱ्यालाही हा प्रश्न रोज येतो. पात्र हलकं बोलत असेल तर ते जड करून आपण त्याला चांगुलपणा बहाल करतो.

17 जून

पाचवा भाग. अपघातानंतरची पत्रकार परिषद. मालक आणि दोन संचालक. संचालक आधी ‘इकान’ म्हणतो, मग मालक ‘ओवाबी’ म्हणतो आणि तिघंही कमरेतून वाकतात.

इथे मराठी तयारच होती. आपल्या वर्तमानपत्री भाषेत ही शिडी सगळ्यांना पाठ आहे: खेद, दिलगिरी, माफी. ‘दिलगिरी व्यक्त केली, पण माफी मागितली नाही’ हे वाक्य मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. इकान म्हणजे खेद: घडलं ते वाईट घडलं, कुणी केलं ते विचारू नका. म्हणून संचालकाला ‘घडलेल्या प्रकाराचा आम्हाला खेद आहे’ दिलं. यात ‘घडलेल्या प्रकाराचा’ महत्त्वाचं. ‘अपघात’ म्हटलं असतं तरी तो थोडा उघडा पडला असता.

ओवाबी ही औपचारिक, जाहीर माफी. सहकाऱ्याने ‘आम्ही दिलगीर आहोत’ सुचवलं. दिलगीर हा शब्द एके काळी चांगला होता, फारसीतून आलेला, मन धरून आलेला असा. पण निवेदनांनी तो इतका वापरला की आता त्यात मन उरलेलं नाही. मालकाला ‘आम्ही माफी मागतो’ दिलं. जाहीर माफी मागितलीच जाते, त्यामुळे ‘मागणं’ इथे खटकत नाही.

वाकण्याचं काय करायचं? काहीच नाही. साधारण पंधरा अंश ही ओळखीची मान, तीस हा कामकाजातला आदर, पंचेचाळीस ही सगळ्यात खोल माफी, असं तिथे शिकवतात. पण प्रेक्षकाला अंश मोजायला लागत नाहीत. एक काळजी घेतली: ते वाकायला लागायच्या आत ओळ पडद्यावरून जाते. साच्यात ती वाकून झाल्यावरही रेंगाळत होती आणि डोळा खाली अक्षरांकडे जात होता.

20 जून

सहावा भाग. ज्यासाठी बाकी सगळं जपून वापरलं तो प्रसंग.

अपघातात गेलेल्या मुलाच्या आईकडे मालक एकटाच जातो. दारातच गुडघ्यावर बसून म्हणतो, ‘मोशिवाके गोझाइमासेन देशिता’. काउंटरवरच्या मुलीचेच शब्द, फक्त भूतकाळात. आणि आई म्हणते, ‘वाझावाझा सुमिमासेन’.

आधी मालकाची ओळ. ‘मला माफ करा’ टाकून पाहिलं. आता आईला काहीतरी द्यावं लागेल, निदान नकार तरी. मूळ प्रसंगात तिच्यावर असं कुठलंच बंधन नाही. ‘माझं चुकलं’ लहान पडतं. ते घरातल्या भांडणाचं माप आहे. मग ‘मी तुमचा अपराधी आहे’. हे जड आहे, काही मागत नाही, आणि एक दिवस मला तेच हवं होतं. पण आठव्या भागात वकील नेमकं हेच बोलतो की त्या दिवशी मालकाने दुःख दाखवलं, दोष कबूल केला नाही. ‘अपराधी’ लिहिलं तर वकिलाला पुढे बोलायला काही उरत नाही आणि प्रेक्षक त्याला खोटारडा समजतो.

संध्याकाळी संपादकबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘अहो, त्याला म्हणायचंय काय ते सांगा, शब्द राहू द्या.’ मी म्हटलं, सबब नाही, बोलायला काही नाही. त्या पटकन म्हणाल्या, ‘मग बोलायला तोंड नाही म्हणा की.’

‘बोलायला तोंड उरलं नाही मला.’ मागत काही नाही, लाज पूर्ण आहे, आणि कोर्टात कुणाला पुरावा म्हणून नेता येणार नाही. वर जपानी अर्थालाही चिकटून. असं वर्षातून एकदा जमतं.

21 जून

आईची ओळ मात्र अडली.

‘वाझावाझा’ म्हणजे मुद्दाम, खास तसदी घेऊन. ‘वाझावाझा सुमिमासेन’ हे पाहुण्याला म्हणायचं नेहमीचं वाक्य: ‘एवढी तसदी घेऊन आलात’. साच्यात तिथे आभार मानलेत. सहकाऱ्याने पहिल्या वाचनात ‘माफ करा’ लिहिलं होतं. तो शब्दाला धरून होता, आणि त्यामुळे मुलगा गेलेली आईच मालकाची माफी मागायला लागली.

ही ओळ भयंकर आहे ती तिच्या सभ्यपणामुळे. ती ओरडत नाही, दार लावत नाही. शेजारी एखादी वस्तू परत द्यायला आला असता तर जे म्हटलं असतं तेच त्याला म्हणते. त्याला परका ठरवते. म्हणून मराठीतही वाक्य सभ्यच हवं होतं, आणि वरवर आदरातिथ्याचं.

‘एवढ्या लांबून आलात, आभारी आहे.’ यंत्र म्हणतं 30 अक्षरं. ओळीला मिळालेला वेळ 1.2 सेकंद, म्हणजे 18 अक्षरं. लांबीपेक्षाही ‘आभारी’ चुकीचं: त्यात ऊब आहे. ‘कशाला त्रास घेतलात’ जवळचं वाटलं, पण मराठीत ‘कशाला’ला आपुलकीचा सूर लागतो; ऐकणारा ‘छे, त्रास कसला’ म्हणू शकतो. मालकाला असं काही म्हणायची सोय ठेवायची नाहीये.

```
412
00:31:07,200 --> 00:31:08,400
मुद्दाम आलात.
```

13 अक्षरं. ‘मुद्दाम’ला मराठीत दोन धारा आहेत. ‘खास तुमच्यासाठी मुद्दाम आलो’ यात प्रेम आहे, ‘मुद्दाम केलंस’ यात आरोप. शेवटी प्रश्नचिन्ह नाही, उद्गारचिन्ह नाही. तिचा आवाज सपाट आहे, पूर्णविरामच हवा.

25 जून

आंधळी चाचणी. आभार-माफीच्या मराठी ओळी चित्राशिवाय, आवाजाशिवाय, नावं काढून एका वाचकाला दिल्या. मालिका त्याने पाहिलेली नाही. त्याने फक्त सांगायचं: कोण कुणाला म्हणतंय, आणि बोलणाऱ्याला किती जड जातंय.

बहुतेक ठिकाणी नातं बरोबर लागलं. दोन जागा घसरल्या. धाकटा कामगार नोकरी सोडताना मुकादमाला म्हणतो ती ओळ, मूळ ‘ओसेवा नि नारिमाशिता’. मी ‘तुमचे खूप उपकार आहेत’ लिहिलं होतं. वाचक म्हणाला, याने पैसे उसने घेतलेले दिसतात. बरोबर आहे, उपकाराला हिशेबाचा वास येतो. मूळ वाक्याचा अर्थ ‘तुम्ही मला सांभाळलंत’ इतकाच. ‘सांभाळून घेतलंत मला.’ असं बदललं. मुकादमाचं उत्तर ‘बरं’, तसंच ठेवलं.

दुसरी जागा बहीण-भावाची. ‘गोमेन’साठी ‘सॉरी’ लिहिलं, वाचकाने मित्र समजला. ‘ए, सॉरी ना’ केल्यावर घर दिसायला लागलं.

‘मुद्दाम आलात’वर वाचकाने लिहिलंय: कोण ते कळत नाही, पण या बाईला तो माणूस घरात नकोय.

28 जून

फुगवटा तपासला. पद्धत साधी: सगळ्या भागांच्या फाइलींत ‘माफ’ शोधायचं आणि कुठे गर्दी आहे ते बघायचं. चौथ्या भागात एका तीन मिनिटांच्या प्रसंगात ‘माफ’ चार वेळा आलं होतं, आणि प्रसंग होता उशिरा आल्याचा. तीन काढले. ‘उशीरच झाला’, ‘गाडी चुकली हो’ आणि एके ठिकाणी नुसतं ‘आलो, आलो’. ‘उशीरच’मधला ‘च’ माफीचंच काम करतो.

‘तोंड’ हा शब्दही शोधला. तिसऱ्या भागात मुकादम कुणालातरी ‘काय तोंडानं सांगतोस’ म्हणत होता. काढला. तो वाक्प्रचार सहाव्या भागाआधी कानावर यायला नको.

2 जुलै

डबिंगच्या गटाने आमची फाइल मागितली. दिली, पण 412 बद्दल वेगळी टीप जोडली. त्यांना ओठांशी जुळवायचंय, आणि मूळ वाक्य ‘मुद्दाम आलात’च्या जवळजवळ दुप्पट लांब आहे. त्यांच्याकडून ‘एवढं मुद्दाम आलात, बसा’ असा पर्याय आलाय. ‘बसा’ला माझा विरोध कळवला: तिने बसायला सांगितलं तर ती ओळ संपली. त्याऐवजी ‘मुद्दाम आलात इथपर्यंत’ सुचवलंय. संपादकबाईंना ‘इथपर्यंत’ही जास्त वाटतं, त्यांचं म्हणणं, पुढची लांबी नटीने श्वासात भरावी. ध्वनिमुद्रण गुरुवारी आहे, दोन्ही वाचून घ्यायचं ठरलंय.